मॅनेजमेंट लेटर

मॅनेजमेंट लेटर, म्हणजेच व्यवस्थापनाला लिहिलेले पत्र, हे लेखापरीक्षक ऑडिट संपताना किंवा संपत आल्यावर कंपनीच्या संचालकांना देतो. तपासणीत हिशेबाच्या व्यवस्थेत कुठे फटी दिसल्या, त्यातून काय घडू शकते आणि त्या कशा बुजवाव्यात, हे त्यात लिहिलेले असते. ऑडिट रिपोर्ट भागधारकांसाठी असतो आणि ताळेबंद खरे व योग्य चित्र दाखवतो का, यावर मत देतो. हे पत्र मात्र कंपनीच्या घरातच राहते. भारतात त्याचा आधार चार्टर्ड अकाउंटंटांच्या आयसीएआय या संस्थेचे एसए २६५ हे लेखापरीक्षण मानक आहे. महत्त्वाच्या त्रुटी लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. किरकोळ गोष्टी तोंडी सांगितल्या तरी चालतात. ऑडिट ताळेबंदावर मत देण्यासाठी केले होते, नियंत्रण व्यवस्थेवर नव्हे, हेही पत्रात स्पष्ट करावे लागते. त्यामुळे पत्रात जे आले नाही ते सगळे ठीकठाक आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

लहान कंपनीत बहुतेक त्रुटींचे मूळ एकच असते: सगळी कामे एकाच माणसाकडे. समजा, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोन संचालक, एक स्टोअरकीपर आणि एक अकाउंटंट. पुरवठादाराचे बिल अकाउंटंट टाकतो, त्याचा बँक खाते क्रमांक तोच भरतो, एनईएफटीही तोच करतो. ओटीपी संचालकांच्या मोबाइलवर येतो आणि ते तो फोनवर वाचून दाखवतात. महिनाअखेरीस बँक स्टेटमेंट आणि कंपनीचे हिशेब यांचा ताळमेळही अकाउंटंटच लावतो. ऑडिटरने २५ पेमेंट तपासली. त्यांपैकी ६ बिलांना माल आल्याची स्टोअरची आवक पावती जोडलेली नव्हती. दोन पुरवठादारांचे खाते क्रमांक केवळ ई-मेल आला म्हणून बदललेले होते.

यावर ‘अंतर्गत नियंत्रण बळकट करावे’ एवढेच लिहिलेले पत्र वाया जाते. नेमके पत्र आधी हे निरीक्षण आकड्यांसह मांडते आणि मग धोका सांगते: न आलेल्या मालाचे पैसे जाऊ शकतात, बनावट मेलवरून रक्कम भलत्याच खात्यात जमा होऊ शकते, आणि ताळमेळ लावणाराही तोच असल्याने हे बाहेर येणार नाही. नुकसान किती होईल याचा आकडा देण्याची सक्ती मानकात नाही. अकाउंटंटवर आरोप होतो आहे असे वाटू नये, याची काळजी भाषेत घ्यावीच लागते. चांगल्या व्यवस्थेत प्रामाणिक माणसावरही संशय येण्याची वेळ येत नाही.

उपाय चार माणसांच्या ऑफिसला झेपणारे हवेत. ‘आणखी दोन माणसे नेमा’ ही सूचना कोणी अमलात आणत नाही. इथे सुचवता येईल ते असे: नेटबँकिंगमध्ये पेमेंट भरणारा आणि मंजूर करणारा असे दोन वेगळे युजर करावेत आणि मंजुरी संचालकांनी बिल व आवक पावती समोर ठेवूनच द्यावी. खाते क्रमांक बदलायचा तर पुरवठादाराच्या जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी; मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. महिन्यातून एकदा संचालकाने बँक स्टेटमेंट स्वतः डाउनलोड करून ताळमेळाशी जुळवावे व सही करावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे हिशेबात केलेल्या प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंद, असणे सक्तीचे आहे. ताळमेळ पाहतानाच त्या महिन्यात बदललेली व्हाउचर त्यातून पाहिली, तर वेगळा खर्च येत नाही.

मालक स्वतः लक्ष घालतो तेव्हा कामांच्या विभागणीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते, हे मानकही मान्य करते. पण तोच मालक नियम बाजूला सारू शकतो, हा त्याचा दुसरा भाग. दोन युजर केले आणि संचालकांचा पासवर्ड अकाउंटंटकडेच राहिला, तर काहीच बदलले नाही. हे ओळखता येते: भरणे आणि मंजुरी एकाच संगणकावरून, मिनिटभराच्या अंतराने होत असते किंवा संचालक विमानात असतानाही मंजुऱ्या पडलेल्या असतात. वर्षभर एकही रजा न घेणारा अकाउंटंट आणि आधीच सह्या करून ठेवलेले कोरे चेक, या दोन गोष्टीही अनुभवी ऑडिटर आवर्जून पाहतो.

मसुदा आधी संचालकांशी चर्चा करून पक्का करतात, म्हणजे चुकून समजलेली गोष्ट पत्रात जात नाही. प्रत्येक मुद्द्याखाली व्यवस्थापनाचे उत्तर येते: मान्य आहे का, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या वर्षी ऑडिटर तिथूनच सुरुवात करतो. महत्त्वाची त्रुटी पटण्याजोग्या कारणाशिवाय तशीच राहिली, तर ती दुर्लक्षित राहणे हीच एक महत्त्वाची त्रुटी ठरू शकते. दुरुस्ती मात्र कंपनीनेच करायची असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ नुसार वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे हिशेब लिहिण्याचे, अंतर्गत लेखापरीक्षणाचे किंवा वित्तीय माहिती प्रणाली बसवण्याचे काम घेता येत नाही.