डाळ मिल कोणत्या नावावर टाकायची : प्रोप्रायटरशिप, पार्टनरशिप, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड

दारव्ह्याकडच्या दोघा भावांनी छोटी डाळ मिल टाकली, धाकटा म्हणे "दादा, आपल्याले कंपनीच काढाची", थोरला म्हणे पार्टनरशिप बरी. नावं सांगत नाही पण हिशोब सांगतो. वर्षाची विक्री 1 कोटी 80 लाख, सगळी बँकेतून येते, आणि खर्च जाऊन उरतात 12 लाख. आकडे 2025-26 च्या कमाईवरचे, नवीन कर पद्धतीचे.

आधी प्रोप्रायटरशिप, म्हणजे धंदा थोरल्याच्या एकट्याच्या नावावर. पॅन त्याचंच, उद्यम रजिस्ट्रेशन आधारवर होते, करंट खातं काढलं की झालं. विक्री 2 कोटीच्या आत आहे म्हणून अंदाजी पद्धत घेता येते, त्यात बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के नफा दाखवायचा (रोखीवर 8), म्हणजे 10 लाख 80 हजार, पण खरा नफा 12 आहे तर 12 च दाखवायचे. आणि 12 लाखापर्यंत रिबेट असल्यामुळं टॅक्स शून्य, ऑडिटही नाही. खोट एवढीच की कागदावर धाकटा कुठंच नाही, आणि कर्ज बुडालं तर थोरल्याच्या वावरावर येते.

आता पार्टनरशिप, इथंच लोक फसतात. फर्मला स्लॅब नाही, रिबेट नाही, पहिल्या रुपयापासून 30 टक्के, सेस धरून 31.2. फर्मलाही अंदाजी पद्धत चालते म्हणून कोणीतरी सांगते की तेच रिटर्न भरा, सोपं आहे, पण त्यात भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज वजा होतच नाही. म्हणजे सरळ 12 लाखावर 31.2 टक्के, 3 लाख 74 हजार 400. सोपं रिटर्न भाऊ लय महाग पडते.

त्यापेक्षा वह्या ठेवून नेहमीचं रिटर्न भरलं तर पगार वजा मिळते, पहिल्या 6 लाख नफ्यावर 90 टक्के, त्यावरच्यावर 60 टक्के. म्हणजे 5 लाख 40 आणि 3 लाख 60, एकूण 9 लाख, प्रत्येकाला साडेचार, दोघांनाही टॅक्स शून्य. फर्ममध्ये उरले 3 लाख, त्यावर 93 हजार 600. पण हा पगार करारनाम्यात रक्कम किंवा हिशोबाची पद्धत देऊन लिहिलेला पाहिजे, "भागीदार ठरवतील तसा" असं लिहिलं तर तो वजाच धरत नाहीत. शिवाय एप्रिल 2025 पासून भागीदाराला वर्षात 20 हजाराच्या वर पगार-व्याज गेलं की फर्मनं 10 टक्के टीडीएस कापायचा, तो मग रिटर्न भरून परत मिळतो. आणि शेतकऱ्यांचं पेमेंट आपल्याकडं बरंच रोखीत होते, एकूण पेमेंटमध्ये रोख 5 टक्क्याच्या वर गेली तर 1 कोटीच्या वरच्या विक्रीला टॅक्स ऑडिट लागते.

कागद म्हणजे स्टॅम्पवरचा करारनामा, फर्मचं वेगळं पॅन, आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडं नोंद. नोंद सक्तीची नाही, पण नसली तर व्यापाऱ्यानं पैसे बुडवल्यावर फर्मला कोर्टात दावा टाकता येत नाही.

एलएलपी म्हणजे मर्यादित देण्याची पार्टनरशिप. तिचा टॅक्स फर्मसारखाच, तोच 93 हजार 600, फक्त अंदाजी पद्धत बंद. वर 30 मेपर्यंत फॉर्म 11, 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8, आणि विक्री 40 लाखाच्या वर म्हणून ऑडिट लागतेच. बदल्यात धंद्याचं देणं घरापर्यंत येत नाही.

कंपनीत मजा आहे. दोघं डायरेक्टर, कामाचा पगार 6-6 लाख घेतला की कंपनीत काहीच उरत नाही, टॅक्स शून्य, आणि दोघांचाही रिबेटमध्ये शून्य. 2 लाख ठेवले तर 22 टक्क्याचा पर्याय घेऊन सरचार्ज-सेस धरून 25.168 टक्के, म्हणजे 50 हजार 336. तेच पैसे पुढं डिव्हिडंड म्हणून काढले तर ते भावांच्या उत्पन्नात पुन्हा धरतात. म्हणजे टॅक्सपुरतं धाकटा खरा होता. पण विक्री शून्य असली तरी ऑडिट सक्तीचं, वार्षिक सभेनंतर हिशोबाचा फॉर्म AOC-4 30 दिवसांत आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A 60 दिवसांत भरायचा. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोजचे 100 रुपये, वर मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म 200 दिवस राहिले तर 40 हजार गेले.

रजिस्ट्रेशनला दोघांचं पॅन, आधार, फोटो, डिजिटल सही आणि मिलच्या पत्त्याचं लाईट बिल, दोन महिन्यांच्या आतलं. इथं बिल वडिलांच्या नावावर होतं, म्हणून त्यांची ना-हरकत लागली असती. देणं मर्यादित असते हे खरं, पण कॅश क्रेडिटसाठी बँक डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी बहुतेक घेतेच, म्हणून त्या भरवशावर कंपनी काढू नका.

या दोघांनी शेवटी नोंदणीची पार्टनरशिप केली, दोघांनी 10-10 लाख भांडवल दाखवून 12 टक्के व्याज करारात लिहिलं. 2 लाख 40 व्याज गेलं, पगार 7 लाख 56 बसला, उरले 2 लाख 4 हजार, टॅक्स 63 हजार 648. धाकटा अजून म्हणते कंपनीत हेही वाचले असते, थोरला म्हणते फॉर्मच्या तारखा लक्षात कोण ठेवते, तू का?