अध्ययन अक्षमता असलेल्या उमेदवारांसाठी लेखनिक आणि वाढीव वेळ : अर्ज भरायला येण्याआधी हे वाचा

भरतीच्या परीक्षांचे अर्ज आमच्या केंद्रात भरले जातात. डिस्लेक्सिया, डिसग्राफिया किंवा डिसकॅल्क्युलिया असलेले बरेच उमेदवार आणि त्यांचे पालक आमच्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “दहावी-बारावीला रायटर मिळाला होता, सर्टिफिकेट आहे, तेच जोडलं तर चालेल ना?” सहसा चालत नाही. हे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कळलं, तर आमच्याही हातात काही उरत नाही. म्हणून हे पत्रक.

शाळेत असताना मिळालेलं अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे एलडीचं, प्रमाणपत्र त्या वयापुरतं असतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मूल्यमापन सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देता येतं. त्यानंतर १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, आणि १८ व्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. दहावीचा विद्यार्थी साधारण पंधरा वर्षांचा असतो. त्या वेळच्या कागदावर बोर्डाने सवलत दिली ती योग्यच होती, पण तोच कागद बाविसाव्या वर्षी भरतीच्या परीक्षेला पुरत नाही. जुनं प्रमाणपत्र फेकू मात्र नका. नव्या तपासणीला जाताना ते, शाळेतले शेरे आणि खासगी मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल असेल तर तोही सोबत न्या, डॉक्टरांना त्याची मदत होते. खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

नव्या प्रमाणपत्राची नोंदणी www.swavlambancard.gov.in या यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर होते. तिथे अर्ज केल्यावर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. एलडीच्या तपासणीत बुद्ध्यांक चाचणी असते, शिवाय वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्याही असतात. हे काम एका फेरीत उरकेल असं धरून चालू नका. भरतीची जाहिरात यायची वाट पाहत बसलात तर वेळ अपुरा पडतो.

आता सर्वांत जास्त अडणारी गोष्ट. दिव्यांग प्रमाणपत्र हातात आलं की बहुतेकांना वाटतं, झालं काम. पण अक्षमता आहे हे सांगणारा कागद वेगळा आणि या उमेदवाराला लिहिण्यात अडचण आहे, लेखनिक गरजेचा आहे, हे सांगणारा कागद वेगळा. दुसरा कागद ठरलेल्या नमुन्यातच लागतो. डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या तर परीक्षा केंद्रावर त्या मानत नाहीत.

२०२५ मध्ये नव्या सूचना येईपर्यंत या दुसऱ्या कागदाचे दोन नमुने होते. अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर लेखी परीक्षांसाठीच्या २०१८ च्या सूचनांमधला नमुना वापरत. त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक सही करत. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर १० ऑगस्ट २०२२ च्या सूचनांमधला नमुना लागत असे आणि त्यावर एकाऐवजी अनेक तज्ज्ञांच्या समितीच्या सह्या असत. ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांना आरक्षण मिळत नाही, पण लेखनिक मिळू शकतो. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असा निकाल दिला, त्यानंतर ही वाट खुली झाली. म्हणून “टक्केवारी कमी आली, आता काही उपयोग नाही” असं म्हणून परत फिरू नका.

२०२२ च्या नमुन्यात मुदतीची एक ओळ होती, ती फारसं कोणी वाचत नसे. ते प्रमाणपत्र जास्तीत जास्त सहा महिने चालत असे. समजा, कागदावर अशी सहा महिन्यांची मुदत आहे, एका उमेदवाराची टक्केवारी ४० पेक्षा कमी आहे आणि त्याने १० जानेवारीला हा कागद करून घेतला. पूर्वपरीक्षा मे महिन्यात आहे, तिथे काही अडत नाही. मुख्य परीक्षा ऑगस्टमध्ये आहे, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच मुदत संपलेली असते. पूर्वपरीक्षेला चाललेला कागद मुख्य परीक्षेला चालत नाही, आणि हे त्याला कळतं प्रवेशपत्र हातात आल्यावर. म्हणून आम्ही अर्जाच्या पावतीवर मुदतीची तारीख लाल शाईने लिहून देतो. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की लगेच नवा कागद करायला रुग्णालयात जा.

वाढीव वेळेचा हिशेब सोपा आहे. दर तासाला किमान २० मिनिटं मिळतात, म्हणजे एका तासाच्या पेपरला ८० मिनिटं आणि तीन तासांच्या पेपरला चार तास. ज्यांना स्वतः लिहायचं आहे, फक्त वेळ हवा आहे, त्यांनी लेखनिक घेण्याची सक्ती नाही. पण ऑनलाइन अर्जात लेखनिक हवा का आणि वाढीव वेळ हवा का असे प्रश्न वेगवेगळे विचारलेले असतील, तर दोन्हींची उत्तरं नीट विचार करून द्या. अंतिम सबमिट झाल्यावर दुरुस्तीची खिडकी उघडली तरच ती बदलता येतात, नाहीतर नाही. याच कारणाने आम्ही कागद पाहिल्याशिवाय हा रकाना भरत नाही. “आता हो टाका, कागद नंतर आणतो” असं काही जण म्हणतात आणि आम्ही नाही म्हटल्यावर नाराज होतात. पण “हो” भरलं आणि परीक्षेच्या दिवशी कागद नसला तर नुकसान उमेदवाराचंच होतं.

लेखनिक स्वतः आणायचा असेल तर त्याचं शिक्षण किती असावं ते जाहिरातीत पाहा. २०१८ च्या सूचनांमध्ये ते उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावं असं होतं. सूचना अधूनमधून बदलतात, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या जाहिरातीसोबतचाच नमुना डाउनलोड करा. लेखनिकाचं हमीपत्र लागतं, त्याचं मूळ ओळखपत्रही लागतं. तीच परीक्षा देणारा मित्र लेखनिक म्हणून आणू नका, कारण बँकांच्या जाहिरातींत दोघांचीही उमेदवारी रद्द होईल असं स्पष्ट म्हटलेलं असतं. आणि लेखनिकासोबत घरी एक-दोन पूर्ण पेपर सोडवा. डिस्लेक्सिया असेल तर प्रश्न वाचून दाखवण्याचा वेग, पर्याय पुन्हा विचारण्याची खूण, आकडे एकेक करून सांगण्याची सवय, हे आधी जमवावं लागतं.

आम्ही लेखनिक पुरवत नाही, आणि प्रमाणपत्र “मिळवूनही” देत नाही. ते काम रुग्णालयाचं आहे. यूडीआयडीचा अर्ज भरणं, त्या जाहिरातीचा योग्य नमुना काढून नाव, जन्मतारीख आणि परीक्षेचं नाव छापून देणं, सह्या-शिक्के आणि तारखा तपासणं आणि कागद ठरलेल्या आकारात स्कॅन करून चढवणं, एवढं मात्र आम्ही मनापासून करतो. रुग्णालयातून परतताना सरळ आमच्याकडे या. शिक्का पुसट आला असेल किंवा एखाद्या तज्ज्ञाची सही राहिली असेल, तर त्याच दिवशी परत जाऊन ती घेता येते.

येताना दिव्यांग प्रमाणपत्राची मूळ प्रत, यूडीआयडी क्रमांक, आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि लेखनिक ठरला असेल तर त्याचा फोटो व ओळखपत्र आणा. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी निदान आठवडाभर या. शेवटच्या दोन दिवसांत आलात तर अर्ज भरून देऊ, पण लेखनिकाच्या कागदात काही राहिलं असेल तर ते दुरुस्त करायला वेळ उरणार नाही.