कच्चं कोणतं, शिजलेलं कोणतं? सॉसेजच्या तीन जाती आणि आपली चोरिस

श्टुटगार्टला ताईकडे गेलो होतो तेव्हा पहिल्याच सकाळी तिने बजावलं, "फ्रिजमधली पांढरी सॉसेज तशीच खाऊ नकोस हं, ती कच्ची आहेत." पांढरी म्हणजे ब्राटवुर्स्ट. तिच्याशेजारी तपकिरी, चकचकीत फ्रँकफुर्टरचं पाकीट होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ सुतळीला एक आख्खी सलामी टांगलेली होती. तिन्ही डुकराच्या मांसाची. पहिली नीट शिजवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, दुसरी नुसती गरम करायची आणि तिसरी तशीच कापून खायची. गंमत म्हणजे सलामीच्या जातीला जर्मन खाटीक 'रोहवुर्स्ट' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो कच्चं सॉसेज. ते खरंही आहे, सलामीला चुलीची आच कधी लागलेलीच नसते. मग कच्चं असून ती चालते आणि ब्राटवुर्स्ट चालत नाही, असं का?

उत्तर शोधायचं तर प्रत्येक सॉसेजला एकच प्रश्न विचारावा: तुझ्यातल्या जंतूंना नेमकं कोण रोखून धरतंय?

ताज्या सॉसेजचं उत्तर सोपं आहे. फक्त थंडी. मांसाच्या आख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक बाहेरच्या बाजूला, तव्यावर शेकलं की मरतात. खिमा केला की तीच बाहेरची बाजू बारीक होऊन आतपर्यंत मिसळली जाते, म्हणजे जंतू थेट मध्यभागी पोचतात. त्यात मीठ असतं साधारण दीड ते दोन टक्के, तेवढं चवीपुरतं. म्हणून ताजं सॉसेज फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवून एक-दोन दिवसांत संपवावं, नाहीतर आणल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाकावं. तिथे महिना-दोन महिने चव चांगली राहते. शिजवताना मध्यभागी ७१ अंश सेल्सियस तापमान यायला हवं, कोंबडीचं असेल तर ७४. रंगावर विसंबू नका. काही वेळा मांस पुरेसं तापण्याआधीच करडं दिसतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर टोकाकडून लांबीच्या दिशेने आत खुपसला तर मधलं खरं तापमान कळतं. मोठ्या आचेवर आवरण फाटतं, चरबी वाहून जाते आणि आतलं मात्र कच्चं राहतं. त्यामुळे मंद आचेवर, थोडं पाणी घालून झाकण ठेवावं आणि पाणी आटल्यावर खरपूस करावं.

धुराच्या सॉसेजबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. 'स्मोक्ड' लिहिलंय म्हणजे टिकाऊ, असं लोक धरून चालतात. धुरातली फेनॉलं, आम्लं आणि फॉर्माल्डिहाइड जंतूंना मारक असतात हे खरं, पण ती पृष्ठभागाजवळच राहतात, आतपर्यंत पोचत नाहीत. फ्रँकफुर्टर सुरक्षित असतं ते धुरामुळे कमी आणि कारखान्यात धुरी दिल्यावर ते गरम पाण्यात किंवा वाफेवर पूर्ण शिजवलेलं असतं म्हणून जास्त. गार धुरी दिलेलं सॉसेज बाहेरून तसंच तपकिरी दिसतं, पण शिजलेलं नसतं. म्हणून पाकिटावर 'स्मोक्ड' वाचून थांबू नका, 'पूर्ण शिजवलेलं' लिहिलंय का ते शोधा. नसेल तर ते ताज्यासारखंच शिजवा.

शिजवलेल्याचाही एक कच्चा दुवा आहे. कारखान्यात शिजल्यानंतर, पाकिटात भरताना, त्यावर लिस्टेरिया हा जंतू बसू शकतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. बंद पाकीट फ्रिजमध्ये साधारण दोन आठवडे (छापलेली तारीख त्याआधीची असेल तर तीच पाळावी) आणि उघडल्यावर एक आठवडा, एवढीच मुदत धरावी. गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण घरात असेल तर फ्रँकफुर्टर वाफा येईपर्यंत तापवूनच द्या.

ताईच्या घरापासून फार लांब नसलेल्या वाइन्सबर्ग गावात दोनशे वर्षांपूर्वी युस्टिनुस केर्नर नावाचे डॉक्टर होते. कवी म्हणूनही त्यांचं नाव होतं. सॉसेज खाऊन माणसांच्या पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो, अशा रुग्णांच्या नोंदी त्यांनी १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध केल्या. ती सॉसेज उकडलेली होती, धुरावलेली होती. केर्नरांच्या लक्षात आलं की जिथे हवा पोचत नाही तिथे हे विष तयार होतं. त्या आजाराचं बॉट्युलिझम हे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून, बॉट्युलस, पडलं. हे विष करणाऱ्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात आणि मग सॉसेजच्या आत, हवाबंद जागी अंकुरतात. आज त्यांना अडवायला नायट्रेट किंवा नायट्राइट घालतात. फ्रँकफुर्टरचा गुलाबी रंग त्याच नायट्राइटचा, म्हणून शिजूनही ते गुलाबी राहतं.

आता खिडकीतली सलामी. तिच्यात उष्णतेचं काम दोन गोष्टी मिळून करतात, आंबटपणा आणि कोरडेपणा. खाटीक मांस-चरबीच्या मिश्रणात मीठ, नायट्राइट, थोडी साखर आणि दुधाच्या विरजणासारखं लॅक्टिक जंतूंचं विरजण घालतो. आवरणात भरलेली सलामी पहिले दोन-तीन दिवस २० ते २४ अंशांच्या दमट खोलीत राहते. विरजण साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतं आणि मांसाचा पीएच ५.७ च्या आसपास असतो तो ५.३ च्या खाली येतो. इथे दोन कामं एकदम होतात. आम्लामुळे घातक जंतू मागे पडतात, आणि याच पीएचला मांसातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ताकद सर्वांत कमी होते. मांस पाणी सोडायला तयार होतं. आपण दही टांगून चक्का करतो तेव्हा दह्यातून पाणी सुटतं, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

मग १२ ते १५ अंशांत, ७५-८० टक्के आर्द्रतेत काही आठवडे वाळवण. एक किलो मिश्रण घेऊ. त्यात पाणी साधारण ६०० ग्रॅम आणि मीठ २८ ग्रॅम, म्हणजे आतल्या पाण्याचा साडेचार टक्क्यांचा खारा झाला. सलामीने ३५ टक्के वजन टाकलं की उरतात ६५० ग्रॅम. गेलं ते सगळं पाणी, मीठ तेवढंच राहिलं. आता २८ ग्रॅम मीठ २५० ग्रॅम पाण्यात, म्हणजे दहा टक्क्यांचा खारा. एवढ्या खारात बॉट्युलिझमच्या त्या जंतूला वाढता येत नाही. मीठ वाढवलं नाही, पाणी काढून घेतलं. म्हणूनच खाटीक सलामी किती दिवस टांगली हे विचारत बसत नाही, तो ती काट्यावर ठेवतो.

यात बिघडतं ते घाईने. खोली फार कोरडी असेल तर बाहेरची कडा आधीच वाळून कडक होते आणि आतलं पाणी कोंडलं जातं. अशी सलामी कापली की काठाला गडद, चामड्यासारखं कडं दिसतं आणि मध्ये करडा, बोटाने दबणारा गाभा. वास उग्र आंबट येतो. ती टाकून द्यावी. बाहेरची पांढरी, पावडरीसारखी बुरशी मात्र मुद्दाम लावलेली असते, ती चालते. हिरवी-काळी, केसाळ बुरशी किंवा चिकटपणा असेल तर नको.

आंबवणंही सर्वशक्तिमान नाही. १९९५ च्या सुरुवातीला दक्षिण ऑस्ट्रेलियात न शिजवलेलं, आंबवलेलं मेटवुर्स्ट खाऊन वीसहून जास्त मुलांच्या मूत्रपिंडांवर आघात झाला आणि चार वर्षांची एक मुलगी दगावली. कारण होता आम्लाला पुरून उरणारा ई-कोलाय जंतू. आम्ल आणि मीठ मिळून जंतू कमी करतात, सगळे मारतात असं नाही. म्हणून गरोदर बाईने आणि लहान मुलांनी अशी सॉसेज शिजवूनच खावीत.

आख्खी सलामी थंड देशात खिडकीत टांगून सहा आठवडे सहज राहते. आपल्याकडे ३० अंशांत तिची चरबी पाझरून खवट होते, म्हणून फ्रिजच बरा. कापलेली असेल तर कापलेल्या बाजूला बटर पेपर गुंडाळून तीन आठवड्यांत संपवावी. आणखी एक गोष्ट. आपल्या दुकानांत फ्रिजमध्ये मिळणारी 'चिकन सलामी' बहुधा ही सलामी नसते. ती शिजवलेल्या सॉसेजच्या चकत्या असतात, फ्रँकफुर्टरची भावंडं. तिला खिडकीतल्या सलामीची मुदत लावू नका.

मग आपली गोव्याची चोरिस कुठे बसते? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिच्या लालभडक माळा ओळीने लटकतात. हात लावला तर कोरड्या, कडक लागतात, म्हणून सलामीच वाटते. पण ती वेगळ्या वाटेने बनते. मांस-चरबीचे खिमा न करता छोटे तुकडे, त्यांना मीठ लावून पाणी सोडू द्यायचं, मग लाल मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, आणि माडाचं व्हिनेगर. इथे आंबटपणा विरजणाने हळूहळू येत नाही, तो पहिल्या दिवशीच बाटलीतून येतो. मग आवरणात भरून दोऱ्याने मण्यांसारख्या गाठी मारायच्या, उन्हात वाळवायच्या, चुलीवर टांगायच्या. पावसाळ्याच्या पुरुमेंताची ही बेगमी, मे महिन्यात केलेली.

चुलीवर टांगणं ही नुसती साठवण नव्हती. रोजचा धूर आणि ऊब आषाढातल्या दमट हवेतही तिला कोरडं ठेवत होती. घरात गॅस आला तेव्हा प्रक्रियेचा हा शेवटचा भाग निघून गेला. बाजारात आता अनेक माळा ओलसर असतात, दाबली की बोट रुततं, त्यांच्यात पाणी जास्त राहिलेलं असतं. अशी माळ सावंतवाडीला आमच्या घरी मी एकदा श्रावणात खुंटीला टांगली. चौथ्या दिवशी दोऱ्याच्या गाठीपाशी हिरवी बुरशी आणि हाताला बुळबुळीत थर. सगळी टाकली. तेव्हापासून कडक माळ आठवड्याभरापुरती बाहेर ठेवतो, तीही पावसाळ्यात नाही, आणि मऊ असेल तर घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये, महिन्याहून जास्त ठेवायची तर फ्रीझरमध्ये.

आणि ती शिजवायचीच. आंबट आहे, वाळलेली आहे, धुरावलेली आहे, पण तिचं वजन कुणी मोजलेलं नाही, पीएच कुणी तपासलेला नाही, आणि आच तिला लागलेली नाही. आवरण सोलून मणी मोकळे करा, बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. पाणी आटेल तसं लाल तेल सुटतं, त्यातच कांदा आणि बटाट्याच्या फोडी टाका. मीठ घालू नका, ते आधीच भरपूर आहे. बटाटा शिजेपर्यंत मांसाचा मोठा तुकडाही आतून पूर्ण तापलेला असतो. पाव तयार ठेवा.