व्हॉलीबॉलच्या रोटेशन तक्त्याची ऑर्डर देण्यापूर्वी एवढे वाचा

सहा चौकटींच्या तक्त्यासाठी आम्ही जर्सी क्रमांकांची नुसती यादी घेत नाही, कोरे मैदान काढून त्यात क्रमांक भरून मागतो. काहींना हा जादा व्याप वाटतो. पण छापलेला तक्ता परत येतो तो बहुतेक वेळा एकाच चुकीमुळे, आणि ती चूक यादीत दिसत नाही.

खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून सर्व्हिसचा क्रमही त्याच दिशेने भरला जातो: पहिला १ वर, दुसरा ६ वर, तिसरा ५ वर. हे उलटे आहे. रोटेशन झाले की २ वरचा खेळाडू १ वर येऊन सर्व्हिस करतो आणि १ वरचा ६ वर जातो. त्यामुळे दुसरा सर्व्हर २ वर, तिसरा ३ वर असाच बसला पाहिजे.

समजा सर्व्हिसचा क्रम १२, १७, ११, १९, १४, १० असा आहे आणि १२ हा सेटर आहे. पहिल्या चौकटीत हे सहा जण क्रमाने स्थान १ ते ६ वर येतील. उलटे भरलेत, तर दुसऱ्या चौकटीत १७ ऐवजी १० सर्व्हिसला जाईल. तो तक्ता पाहून खेळलात, तर चुकीच्या क्रमाने सर्व्हिस झाली म्हणून गुण समोरच्यांना जातो. एक सोपी तपासणी: सहाही चौकटींत फक्त स्थान १ वाचत जा. तुमचा सर्व्हिसचा क्रम तसाच्या तसा मिळायला हवा.

नाणेफेकीनंतर पहिली सर्व्हिस समोरच्या संघाकडे गेली, तर तुमच्याकडून पहिली सर्व्हिस २ वरचा खेळाडू करतो, कारण त्याआधी एक रोटेशन होते. अशा वेळी १२ नेच सुरुवात करावी असे वाटत असेल, तर त्याला २ वर ठेवा.

तक्त्याच्या मागच्या बाजूला सर्व्हिस घेतानाची मांडणी असते. तिथल्या रेषा फक्त शेजारच्या जोड्यांमध्ये आहेत: पुढे-मागे ४-५, ३-६, २-१ आणि आडव्या ४-३, ३-२, ५-६, ६-१. तिरप्या रेषा राहून गेल्या आहेत का, असे विचारले जाते. तिरप्या जोडीत ओव्हरलॅप होतच नाही, म्हणून त्या आम्ही काढत नाही.

याचा उपयोग तिसऱ्या चौकटीत कळतो. सेटर १२ आता ५ वर आहे आणि त्याला नेटजवळ पोचायचे आहे. ४ वरच्या १० ला डाव्या कडेला नेटशी उभे करा आणि १२ ला लगेच त्याच्या मागे. ३ वरचा १४ सर्व्हिस घ्यायला मागे सरकला आणि १२ त्याच्या पुढे दिसला, तरी चालते. मात्र १४ ला ६ वरच्या १७ च्या मागे जाता येत नाही, आणि १२ ला १७ च्या उजवीकडे सरकता येत नाही. पंच पाहतात ते पाय, आणि तेही सर्व्हरचा हात चेंडूला लागतो त्या क्षणी. चेंडू मारला गेला की कुणीही कुठेही धावू शकतो.

छपाईआधी आम्ही कच्चा नमुना पाठवतो. त्यावर प्रत्येक चौकटीत लिबेरो कुणाच्या जागी येणार, तेही लिहून द्या. मागच्या बाजूची मांडणी आम्ही त्यानुसार काढून देतो.