फ्लूची लस आणि लसीनंतरचे आजारपण

फ्लूची लस घेतल्यावर चार-पाच दिवसांत सर्दी-ताप आला, की ‘लसीमुळेच फ्लू झाला’ असा समज होतो. टोचून दिल्या जाणाऱ्या लसीत मात्र जिवंत विषाणू नसतो. बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनाने निष्क्रिय करतात आणि मग त्याचे तुकडे करतात. हे तुकडे शरीरात वाढू शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून फ्लू होत नाही. नाकात फवारायच्या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. तिने नाक वाहू शकते, पण फुप्फुसांच्या उष्णतेत तो विषाणू नीट वाढत नाही.

तरीही माणूस आजारी पडतो, हे खरे आहे. कारण ओळखायला दिवस मोजावे लागतात. समजा, एखाद्याने सोमवारी सकाळी लस टोचून घेतली. रात्री दंड दुखू लागला, अंग कसकसले, बारीक ताप आला आणि बुधवारपर्यंत सगळे ओसरले. ही लसीला शरीराने दिलेली प्रतिक्रिया. शुक्रवारी त्यालाच घसा खवखवून खोकला सुरू झाला, तर तो वेगळा संसर्ग समजावा. टोचलेल्या लसीच्या प्रतिक्रियेत खोकला सहसा नसतो. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, तर लसीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात. म्हणजे लस घेण्याच्या सुमारास संसर्ग झालेल्याला तिचा उपयोग होण्याआधीच फ्लू गाठू शकतो. शिवाय सर्दीचे इतर विषाणू याच हंगामात फिरत असतात आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही.

योगायोग किती मोठा असतो, हे साध्या हिशेबाने कळते. प्रौढ माणसाला वर्षाला सरासरी २-३ वेळा सर्दी होते. म्हणजे कोणत्याही एका आठवड्यात, लस घेतली नाही तरी, १०० पैकी सुमारे ५ जणांना नवी सर्दी होणारच. आदल्या दिवशी लस घेतलेली असली, की दोष तिच्यावर जातो.

याची खरी परीक्षा म्हणजे काहींना लस आणि काहींना नुसते सलाईन टोचणे, आणि कोणाला काय दिले ते कळू न देणे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९९४-९५ च्या हंगामात ८४९ निरोगी नोकरदारांवर असा प्रयोग झाला. दंड दुखल्याची तक्रार लसवाल्या गटात सुमारे ६४ टक्के, तर दुसऱ्या गटात २४ टक्के होती. ताप, अंगदुखी, थकवा अशा तक्रारी मात्र लसवाल्यांत ३४ टक्के आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारख्याच निघाल्या.

लसीमुळे खरोखर होणारे गंभीर त्रास दुर्मीळ आहेत आणि त्यांचे रूप सर्दी-तापाचे नसते. तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत अंगावर गांधी, श्वास लागणे किंवा चेहऱ्यावर सूज अशा रूपात दिसते. गिलेन-बारे हा मज्जातंतूंचा आजार पायांच्या अशक्तपणाने सुरू होतो. अलीकडच्या हंगामी लसींशी त्याचा संबंध आढळला तेव्हाही ते प्रमाण १० लाख लोकांमागे १-२ जास्तीचे रुग्ण एवढेच होते. अशी लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठावा.