मध्ये बसलेला बिनअंड्याचा केक: वायू जास्त झाला, की केक कच्चा राहिला?

बिनअंड्याचा स्पंज केक मध्ये बसला की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एकतर मिश्रणात सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झालेली असते, किंवा केक मधोमध पुरेसा भाजलेला नसतो. वरून पाहता खळगा सारखाच दिसतो. मात्र उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर केक आणखी बसतो.

मुळात बिनअंड्याच्या केकमध्ये बुडबुड्यांना धरून ठेवणारा आधार दुबळा असतो. अंड्यातील प्रथिने तापली की घट्ट होतात आणि फुगलेल्या मिश्रणाला लवकर आकार देतात. अंडे नसेल तर ते काम मुख्यतः मैद्यातील स्टार्चवर येते, आणि साखर भरपूर असलेल्या मिश्रणात स्टार्च शिजून घट्ट व्हायला बराच जास्त ताप लागतो. केकची कड आधी शिजते, मध्यभाग सर्वांत शेवटी. त्यामुळे मधले बुडबुडे घट्ट होण्यापूर्वीच फार मोठे झाले तर त्यांच्या भिंती फुटतात, वायू निसटतो आणि भाग खाली येतो.

वायू जास्त झालेला केक बहुधा ओव्हनमध्ये असतानाच बसतो. तो सुरुवातीला झपाट्याने वर येतो, कधी कडेवरून सांडतोही, आणि भाजणे संपण्याआधी मधोमध खचतो. कापल्यावर आत मोठमोठी, असमान छिद्रे दिसतात, पण खळग्यातला भाग शिजलेला असतो आणि त्यात खुपसलेली काडी कोरडी बाहेर येते. सोडा जादा असेल तर रंग पिवळसर तपकिरी होतो आणि चवीला साबणासारखा कडवटपणा येतो. कच्चा राहिलेला केक मात्र ओव्हनमध्ये छान फुगलेला दिसतो आणि बाहेर काढल्यावर, थंड होताना, बसतो. कापल्यावर मध्यभागी खालच्या बाजूला चिकट, ओलसर, दाट थर दिसतो. इथे केवळ काडीच्या चाचणीवर मी विसंबत नाही, कारण काडी कडेजवळ खुपसली तर ती नेहमीच कोरडी निघते. ती बरोबर मधोमध, तळापर्यंत गेली पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर आणि अर्धा कप तेल, त्यात एक टीस्पून खाण्याचा सोडा आणि दीड टीस्पून बेकिंग पावडर घातली, आणि केक ओव्हनमध्येच खचला. हिशेब असा: एक कप दह्यातील आम्ल साधारण अर्धा टीस्पून सोडा पुरता वापरते. उरलेला अर्धा टीस्पून आम्लाविना राहतो. तो तापल्यावर थोडा वायू देतो आणि मागे ती साबणी चव ठेवतो. शिवाय सोडा बेकिंग पावडरीच्या तीन ते चार पट तीव्र असतो, म्हणून या मिश्रणात एकूण साडेचार ते साडेपाच टीस्पून पावडरीइतके बळ पडले. दीड कप मैद्याला साधारण तीन टीस्पूनाइतके बळ ही माझ्या मते वरची मर्यादा समजावी. म्हणून सोडा अर्धा टीस्पून ठेवावा, पावडर एक टीस्पूनवर आणावी, आणि तरीही मधोमध खळगा पडला तर पावडरच पाव टीस्पूनाने कमी करावी. चमचा सपाट भरावा. शीग लावलेला एक टीस्पून सहज दीडाच्या जवळ जातो. सोडा आणि पावडर मैद्यातच दोनदा चाळून घ्यावी, नाहीतर एका जागी गाठ राहते.

केक कच्चा राहिला असेल तर या मापांना हात लावू नये. ‘नीट फुगला नाही’ असे वाटून पावडर वाढवणे ही इथली नेहमीची चूक, कारण जास्त वायूमुळे ओल्या मध्यभागाचा आधार आणखी विरळ होतो. अशा वेळी ओव्हन 180 ऐवजी 165 ते 170 अंश सेल्सिअसला ठेवून भाजणे दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावे, म्हणजे कड करपण्यापूर्वी मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचते. वरचा भाग लवकर तपकिरी होत असेल तर त्यावर ॲल्युमिनियम फॉइल अलगद झाकावे. भांडे खोल आणि अरुंद असेल तर तेच मिश्रण रुंद भांड्यात ओतून पाहावे, आणि दही फार पातळ असेल तर ते थोडा वेळ फडक्यात निथळवून मगच मापावे.

दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, म्हणजे छिद्रेही मोठी आणि तळाशी चिकट थरही, तर आधी सोडा-पावडरीचे माप सुधारावे आणि तापमान पुढच्या खेपेला बदलावे. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.