D2 म्हणजे GPIO4 का? सेन्सर बोर्डाच्या रीडमीतल्या एका तक्त्याची पार्श्वभूमी

आमच्या प्रयोगशाळेत तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा एक छोटा बोर्ड आहे. नोडएमसीयू या वाय-फाय बोर्डाला बीएमई२८० सेन्सर जोडलेला, तारा फक्त चार. सर्किटची आकृती, केआयकॅडच्या फायली आणि कोड असं सगळं खुलं ठेवलेलं होतं. तरीही पुढच्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीला तो दोन दिवस चालवता आला नाही. कोडमध्ये `Wire.begin(4, 5);` लिहिलं होतं आणि रीडमीत सेन्सरच्या डेटा आणि क्लॉक या दोन तारांबद्दल 'SDA ४ ला, SCL ५ ला' एवढंच. तिने बोर्डवर छापलेले `D4` आणि `D5` शोधले आणि तारा तिथे लावल्या. कोणीही तसंच केलं असतं. रीडमी मी लिहिलं होतं, त्यामुळे ही चूक माझी.

एकाच पायाला दोन वेगळे आकडे का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

मायक्रोकंट्रोलर बनवणारे पायांना आपल्या सोयीने नावं देतात. एटमेगा३२८च्या एका पायाचं नाव `PB5`, म्हणजे बी पोर्टचा पाचवा बिट. इटलीतल्या इव्रिया इथल्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत २००३ मध्ये हर्नांडो बारागान यांनी 'वायरिंग' हा प्रकल्प केला आणि २००५ मध्ये त्याच संस्थेतून आर्डुइनो आलं. चित्रकार, डिझायनर अशा लोकांनाही बोर्ड वापरता यावा, त्यांना पोर्ट आणि बिटांच्या भानगडीत पडावं लागू नये, हा त्यामागचा विचार. म्हणून पायांना साधे क्रमांक दिले गेले आणि तेच बोर्डवर छापले गेले. ऊनो बोर्डवरचा १३ म्हणजे `PB5`, तर मेगा बोर्डवरचा १३ म्हणजे `PB7`. दोन्हीकडे एलईडी १३ वरच लागतो, आतला पाय कुठला हे वापरणाऱ्याला कळतही नाही. माझ्या मते आर्डुइनो इतकं पसरलं त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

सेन्सरच्या दोन तारांपुरता मात्र हा करार टिकला नाही. `SDA` आणि `SCL` या आयटूसी पद्धतीच्या तारा चिपमधल्या ठरावीक पायांवरच निघतात. त्यामुळे ऊनोवर त्या `A4` आणि `A5` वर आल्या, मेगावर २० आणि २१ वर, लिओनार्डोवर २ आणि ३ वर. ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तीत याच तारांसाठी `AREF` शेजारी दोन वेगळी भोकं दिली गेली, ती या गोंधळावरचाच उपाय होती. पण तोवर 'SDA A4 ला लावा' असं सांगणाऱ्या असंख्य वायरिंगच्या नोंदी लिहून झाल्या होत्या. बोर्ड कुठला हे न सांगणारी नोंद त्या एका बोर्डापुरतीच खरी असते.

मग २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप सगळीकडे पोहोचली. तिच्यासाठी नोडएमसीयू नावाचं लुआ भाषेतलं फर्मवेअर तयार झालं. त्यात पायांना स्वतःचा वेगळा क्रम होता: लुआतला १ म्हणजे चिपचा `GPIO5`, २ म्हणजे `GPIO4`, ० म्हणजे `GPIO16`. त्याच नावाच्या बोर्डवर `D0`, `D1`, `D2` असे ठसे उमटले ते या लुआच्या क्रमाने. पुढे या चिपवर आर्डुइनोचा कोड चालू लागला, तेव्हा नुसत्या आकड्याचा अर्थ चिपचा क्रमांक असा धरला गेला. म्हणजे कोडमधला ४ चिपचा आणि बोर्डवरचा `D4` लुआचा. `D4` खरं तर `GPIO2` आहे आणि `D5` आहे `GPIO14`. आमच्या विद्यार्थिनीच्या तारा अशा पायांवर होत्या, ज्यांच्याकडे कोड बघतही नव्हता.

यात आणखी एक गुंता आहे. ईएसपी-१२च्या सुरुवातीच्या काही मॉड्यूलवर आणि आकृत्यांमध्ये `GPIO4` आणि `GPIO5` ही नावंच अदलाबदल होऊन छापली गेली होती. नेमके हेच दोन पाय सेन्सरसाठी वापरले जातात. सेन्सर सापडत नसेल तर `SDA` आणि `SCL` अदलून बघण्याचा सल्ला म्हणूनच अजून दिला जातो. त्याने काही जळत नाही. वीज आणि ग्राउंड यांच्या बाबतीत मात्र असा प्रयोग करू नये. ईएसपी३२च्या अनेक बोर्डांवर तर `D21` म्हणजे खरोखरच `GPIO21`. त्या बोर्डवर शिकून आलेला विद्यार्थी नोडएमसीयूवर हमखास फसतो.

खुल्या हार्डवेअरच्या नियमांनी हा प्रश्न सुटत नाही. २०११ मध्ये खुल्या हार्डवेअरची व्याख्या ठरली, त्याच वर्षी सर्नचा हार्डवेअर परवानाही आला. मूळ डिझाइन फायली बदल करता येतील अशा स्वरूपात द्या, हा त्या व्याख्येचा गाभा. आम्ही तसं केलंच होतं. पण आकृतीत चिपच्या पायाचं नाव असतं, आणि हातात तार धरलेल्या माणसाला बोर्डवरचा ठसा दिसत असतो. जर्मनीतल्या पोट्सडाममध्ये सुरू झालेल्या फ्रिट्झिंगने ब्रेडबोर्डची रंगीत चित्रं काढायची सोय केली. ती चित्रं मलाही आवडतात, पण चित्रातला बोर्ड आणि समोरचा बोर्ड वेगळा निघाला की त्यांचा उपयोग संपतो. म्हणून रीडमीत आता दोन्ही नावं शेजारी ठेवली आहेत:

```
सेन्सर   बोर्डवरचा ठसा   कोडमधला क्रमांक   तार
VIN      3V3             -                 लाल
GND      GND             -                 काळी
SCL      D1              5                 पिवळी
SDA      D2              4                 हिरवी
```

तक्त्याखाली तारा तपासायला तीन ओळी आहेत. पूर्ण कोड चढवण्याआधी, `Wire.h` घेऊन, `setup()` मध्ये `Serial.begin(115200);` च्या खाली एवढंच चालवायचं:

```cpp
Wire.begin(4, 5);   // SDA, SCL
Wire.beginTransmission(0x76);
Serial.println(Wire.endTransmission());
```

० छापून आला तर त्या पत्त्यावर कोणीतरी उत्तर दिलं. २ आला तर त्या पत्त्यावर कोणी नाही. मग पत्ता `0x77` करून बघायचा, कारण या सेन्सरचा पत्ता `SDO` पायावर ठरतो: तो ग्राउंडला असेल तर `0x76`, विजेला असेल तर `0x77`. `SDO` हे नाव खरं तर एसपीआय या दुसऱ्या पद्धतीतलं. चिपला दोन्ही पद्धती येतात, म्हणून पायाचं नाव एका पद्धतीतलं आणि काम दुसऱ्या पद्धतीतलं. हेही रीडमीत लिहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

नवा तक्ता बघून तिने तारा लावल्या आणि ० आला. तरी पूर्ण कोड 'सेन्सर सापडला नाही' असंच म्हणत राहिला. मग तिने चिपच्या `0xD0` या रजिस्टरमधली ओळख वाचली. बीएमई२८०मध्ये तिथे `0x60` असतं, तिला `0x58` मिळालं. ती बीएमपी२८०ची ओळख. हा जुळा सेन्सर तापमान आणि दाब मोजतो, आर्द्रता नाही. दुकानातून आलेलं मॉड्यूल दिसायला तसंच होतं, पण चिप दुसरी होती. लायब्ररी ती ओळख तपासते आणि जुळली नाही की पुढे जात नाही. मॉड्यूल बदलल्यावर पाच मिनिटांत आकडे येऊ लागले. रीडमीतल्या सामानाच्या यादीत सेन्सरच्या नावापुढे आता तिनेच लिहिलेली ओळ आहे: 'विकत घेतल्यावर आधी `0xD0` वाचा, `0x60` दिसलं तरच पुढे जोडा.'